बँकेनं शब्द दिलाय, पैसे अजून दिलेले नाहीत

कार्ड मशीनला लावलं, दोन-तीन सेकंदांत ‘मंजूर’ असं उमटलं आणि लगेच फोनवर बँकेचा संदेशही आला. पैसे गेले, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या क्षणी एक पैसाही हललेला नसतो. बँकेनं समोरच्याला फक्त शब्द दिलेला असतो की एवढी रक्कम या खात्यात आहे, आम्ही ती बाजूला काढून ठेवली आहे, तुम्ही निर्धास्तपणे माल द्या. पैसे प्रत्यक्षात मागण्याचं काम पुढे, बहुतेकदा एक ते तीन दिवसांनी, वेगळ्या संदेशानं होतं. पहिल्या पायरीला ऑथोरायझेशन म्हणतात आणि दुसरीला क्लिअरिंग. या दोन पायऱ्यांमधल्या रकमा सारख्याच असतील, असं कुठेही बंधन नाही. बऱ्याच व्यवहारांत त्या वेगळ्या असणं अगदी रीतसर असतं.

मी काही वर्षं कार्ड व्यवहारांच्या जुळवणीचं काम केलं आहे. ‘माझे पैसे दोनदा कापले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचा जीव खरोखर टांगणीला लागलेला असतो. त्यातल्या पुष्कळ तक्रारींत पैसे एकदाच कापलेले असायचे. दुसरी रक्कम म्हणजे पहिल्या पायरीत अडकवलेली आणि कुणी सोडवायची राहून गेलेली रक्कम असायची. पण ‘कापलेले नाहीत, अडकलेले आहेत’ एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही आणि ते व्हायलाही नको. ते कसे अडकतात आणि का सुटत नाहीत, हे समजलं तरच पुढे काय करायचं ते कळतं.

पहिला संदेश विचारतो, दुसरा सांगतो

एका व्यवहारात चौघे असतात. कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक, विक्रेता आणि विक्रेत्याचं खातं सांभाळणारी बँक. दोन बँकांच्या मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क निरोप्याचं काम करतं.

ऑथोरायझेशन हा प्रश्न असतो. विक्रेत्याचं मशीन विचारतं, या कार्डावर अमुक रक्कम चालेल का? हा प्रश्न ज्या साच्यात पाठवला जातो त्याचं नाव आयएसओ ८५८३. त्यात प्रश्नाच्या संदेशाला ०१०० हा क्रमांक आहे आणि उत्तराच्या संदेशाला ०११०. कार्ड देणारी बँक एवढ्यात बरंच काही तपासते. कार्ड चालू आहे का, पिन किंवा चिपमधला सांकेतिक पुरावा बरोबर आहे का, खात्यात पुरेशी शिल्लक किंवा मर्यादा आहे का, व्यवहार संशयास्पद तर नाही ना. सगळं ठीक असेल तर ती ०० हा प्रतिसाद आणि सहा अक्षरी मंजुरी कोड पाठवते. शिल्लक अपुरी असेल तर प्रतिसाद ५१ जातो.

हो म्हणताच बँक तेवढी रक्कम खात्यात राखून ठेवते. यालाच होल्ड म्हणतात. ही रक्कम खात्यातच असते, पण खर्चायला मिळत नाही. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये दोन आकडे दिसतात. एक खात्यातली शिल्लक आणि दुसरा वापरता येण्याजोगी शिल्लक. होल्ड फक्त दुसऱ्या आकड्याला खाली ओढतो. याला इसार समजू नये. इसाराची रक्कम समोरच्याच्या हातात पडते, होल्डमधली रक्कम विक्रेत्याला मिळालेली नसते. त्याच्याकडे असतो तो फक्त मंजुरी कोड.

क्लिअरिंग मात्र प्रश्न नसतो. दिवसअखेर, किंवा विक्रेत्याची जी ठरलेली वेळ असेल तेव्हा, तो झालेले सगळे व्यवहार गठ्ठ्यानं आपल्या बँकेकडे पाठवतो. त्याची बँक त्यांची फाइल बनवून नेटवर्ककडे देते. नेटवर्क ती फाइल कार्ड देणाऱ्या बँकांप्रमाणे वेगळी करतं, लागेल तिथे चलन बदलतं आणि ज्याच्या त्याच्या नोंदी ज्याला त्याला पोहोचवतं. मग कार्ड देणारी बँक आपल्या ग्राहकाच्या खात्यात ती रक्कम खर्ची टाकते आणि आधीचा होल्ड उठवते. बँकांनी एकमेकींना प्रत्यक्ष पैसे द्यायची तिसरी पायरी, सेटलमेंट, याच नोंदींच्या बेरजा-वजाबाक्या करून होते. तिचा आपल्या विषयाशी फारसा संबंध नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. ऑथोरायझेशनला बँक ‘नाही’ म्हणू शकते. क्लिअरिंगची नोंद आली की ‘नाही’ म्हणायची सोय तिथे नाही. नोंद आली म्हणजे पैसे द्यायचे. ती चुकीची वाटली तर नंतर वादाच्या रीतसर मार्गानं, म्हणजे चार्जबॅक करून, पैसे परत मागायचे. आणि नोंदीतली रक्कम कोण लिहितो? विक्रेता, त्याच्या बिलावरून. मंजूर झालेली रक्कम आपोआप तिथे उतरत नाही.

हे दोन तुकडे झाले कुठून

हे वेगळेपण संगणकापेक्षा जुनं आहे. कार्डं कागदावर चालत होती तेव्हा विक्रेता एका हातयंत्रात कार्ड ठेवून त्यावरचे उठावाचे आकडे पावतीवर उमटवायचा. ठरलेल्या मर्यादेच्या आतली खरेदी असेल तर कुणालाच विचारायची गरज नसे. मर्यादेबाहेरची असेल तर तो फोन करून मंजुरी मागायचा आणि मिळालेला कोड पावतीवर लिहून ठेवायचा. पैसे मात्र पावती बँकेत भरल्यावरच मिळायचे आणि ती कागदी पावती एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे टपालानं प्रवास करायची. विचारणं फोनवर आणि वसुली कागदावर, असे दोन रस्ते मुळातच वेगळे होते.

आज व्हिसा म्हणून ओळखलं जाणारं नेटवर्क पूर्वी नॅशनल बँकअमेरिकार्ड या नावानं चाले. त्यांनी १९७३ मध्ये फोनची जागा घेणारी बेस-वन ही यंत्रणा सुरू केली आणि १९७४ मध्ये कागदी पावत्यांची जागा घेणारी बेस-टू. पहिली ऑथोरायझेशनची, दुसरी क्लिअरिंगची. दोन रस्त्यांचं संगणकीकरण झालं, पण रस्ते दोनच राहिले. याला दोन संदेशांची पद्धत म्हणतात. एटीएममधून रोख काढताना बहुधा एकाच संदेशात मंजुरी आणि वसुली दोन्ही होतात, कारण यंत्रानं मोजून दिलेली रक्कम त्याच क्षणी पक्की असते. जिथे रक्कम त्या क्षणी पक्की नसते, तिथे दोन पायऱ्यांना पर्याय नाही. हॉटेल हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

चार रात्रींचा हिशेब

समजा एक बाई परदेशात हॉटेलात उतरल्या. त्यांच्या खात्यात त्यांच्या चलनातले १०,००० आहेत. हॉटेलचं चलन वेगळं आहे आणि त्या दिवशी हॉटेलच्या चलनाच्या एका एककाला त्यांच्या चलनातले ८ पडतात. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण पायऱ्या खऱ्या आहेत.

मुक्काम तीन रात्रींचा ठरला आहे आणि खोलीचे दर रात्री १२०, म्हणजे ३६०. त्याखेरीज फोन, कपडे धुणं वगैरे खर्चासाठी हॉटेल दिवसाला ३० धरतं, म्हणजे ९०. खोली ताब्यात देतानाच हॉटेल ४५० चं ऑथोरायझेशन मागतं. ही अंदाजे रक्कम आहे, हे संदेशात वेगळ्या खुणेनं सांगितलेलं असतं. बँक ८ च्या दरानं ३,६०० चा होल्ड लावते. खात्यातली शिल्लक १०,००० आणि वापरता येणारी ६,४००.

दुसऱ्या दिवशी बाई मुक्काम एका रात्रीनं वाढवतात. हॉटेल आणखी १५० साठी वाढीव ऑथोरायझेशन मागतं. दर आता ८.०२ झाला आहे, म्हणून १,२०३ चा दुसरा होल्ड लागतो. वापरता येणारी शिल्लक ५,१९७ वर येते. दोन्ही होल्ड मिळून ४,८०३.

पाचव्या दिवशी सकाळी खोली सोडताना बिल होतं ५५० चं. खोलीचे ४८० आणि इतर खर्चाचे ७०. मंजुरी ६०० ची होती, म्हणजे ५० जास्तीचे अडकले आहेत. नियमाला धरून चालणारं हॉटेल इथे तेवढ्या ५० पुरता उलट संदेश पाठवतं, ज्याला रिव्हर्सल म्हणतात. समजा तो संदेश पाठवायचा राहिला. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा राहतोच, कारण हॉटेलला त्यानं काही मिळत नाही आणि न पाठवल्याचा त्रास फक्त पाहुण्याला होतो. मला या साखळीतला सगळ्यात दुबळा दुवा हाच वाटतो.

त्या रात्री हॉटेलचा गठ्ठा बंद होतो आणि ५५० ची क्लिअरिंग नोंद निघते. नेटवर्क तिच्यावर प्रक्रिया करतं तेव्हा दर ८.१० झाला आहे. ५५० गुणिले ८.१० म्हणजे ४,४५५. बाईंची बँक परकीय चलनातल्या व्यवहारांवर २ टक्के शुल्क लावते, ते ८९.१०. खात्यातून प्रत्यक्ष खर्ची पडतात ४,५४४.१०.

आता हा आकडा आधी दिसलेल्या कुठल्याच आकड्याशी जुळत नाही. तो ३,६०० नाही, १,२०३ नाही आणि ४,८०३ ही नाही. तरीही त्यात एका पैशाची लबाडी नाही. पहिल्या दिवसाच्या दरानं ५५० चे ४,४०० झाले असते. दर ८ वरून ८.१० झाल्यानं त्यात ५५ ची भर पडली आणि शुल्कानं ८९.१० ची. होल्डच्या वेळचा दर हा बँकेनं राखायला वापरलेला आडाखा असतो. नेटवर्क रूपांतर करतं ते सहसा नोंदीवर प्रक्रिया होते त्या वेळच्या दरानं. काही बँका होल्डमध्येच शुल्क धरून किंवा थोडी जास्त रक्कम राखून ठेवतात, मग अंतिम आकडा होल्डपेक्षा कमी दिसतो. काही बँका तसं करत नाहीत, मग तो जास्त दिसतो.

विक्रेता कधी कधी मशीनवर विचारतो, तुमच्याच चलनात पैसे घेऊ का? हो म्हटलं तर रूपांतर विक्रेत्याच्या बाजूनं तिथल्या तिथे होतं आणि दराच्या चढउताराचा हा प्रश्न मिटतो. त्याची किंमत मात्र त्या दरातच मिसळलेली असते आणि बहुतेकदा ती आपल्या बँकेच्या शुल्कापेक्षा जास्त असते. मी स्वतः नेहमी नाही म्हणते. दोन दिवसांत दर थोडा सरकणं मला परवडतं.

पण बाईंचा हिशेब इथे संपला नाही. खात्यातली शिल्लक आता ५,४५५.९० आहे, हे बरोबर. ॲपमध्ये वापरता येणारी शिल्लक मात्र ४,२५२.९० दिसते आहे. फरक १,२०३ चा. दुसरा होल्ड तसाच बसलेला आहे. बाईंना वाटतं, हॉटेलनं ४,५४४.१० ही घेतले आणि १,२०३ ही घेतले.

होल्ड का सुटला नाही

क्लिअरिंगची नोंद बँकेत पोहोचते तेव्हा ती एकटी येते. ती कुठल्या होल्डचं पुढचं पाऊल आहे, हे बँकेच्या यंत्रणेला शोधावं लागतं. शोधायला हाताशी असतात कार्ड क्रमांक, मंजुरी कोड, विक्रेत्याचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि नेटवर्कनं त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक. हा शेवटचा क्रमांक सगळ्यात भरवशाचा. पहिल्या मंजुरीच्या वेळी नेटवर्क तो देतं आणि वाढीव मंजुरी, रिव्हर्सल, क्लिअरिंग या सगळ्यांत तोच क्रमांक पुढे न्यायचा असतो. म्हणजे एका मुक्कामाचे सगळे संदेश एका दोऱ्यात ओवलेले राहतात.

हॉटेलच्या संगणकानं वाढीव मंजुरी मागताना तो जुना क्रमांक जोडला नाही, तर बँकेच्या लेखी तो नवा, स्वतंत्र व्यवहार ठरतो. किंवा क्रमांक जोडलेला असतो, पण बँकेची जुनी यंत्रणा फक्त मंजुरी कोड पाहून जोड्या लावते. दोन मंजुऱ्यांचे कोड वेगळे, क्लिअरिंगच्या नोंदीत कोड एकच, तोही पहिला. यंत्रणा पहिल्या होल्डशी जोडी लावते, ३,६०० मोकळे करते आणि थांबते. १,२०३ च्या होल्डला जोडीदार कधीच मिळणार नसतो. तो मुदत संपेपर्यंत तिथेच बसून राहतो.

रकमेवरून जोडी लावणाऱ्या यंत्रणांचा घोटाळा आणखी वेगळा. ५५० ची नोंद आली, पण ५५० चा होल्डच नाही. अशा वेळी काही यंत्रणा एकही होल्ड सोडत नाहीत आणि ग्राहकाला खरंच दुप्पट रक्कम गेल्यासारखी दिसते. मी पाहिलेल्या तक्रारींत ही तऱ्हा सगळ्यात भीतिदायक वाटायची, कारण अशा माणसाच्या खात्यात बिलाइतकी रक्कम खर्ची पडलेली असते, जवळजवळ तितकीच अडकलेली असते आणि त्याच आठवड्यात त्याला दुसरं काहीतरी भरायचं असतं.

मुदतीचंही दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. मास्टरकार्डच्या नियमांत अंदाजे रकमेची मंजुरी ३० दिवस ग्राह्य असते आणि अंतिम म्हणून मागितलेल्या रकमेची ७ दिवस. ग्राहकाचे पैसे किती दिवस राखून ठेवायचे, हे मात्र कार्ड देणारी बँक आपल्या पद्धतीनं ठरवते आणि पुष्कळदा ही मुदत त्याहून कमी ठेवते. होल्ड लवकर सुटला की ग्राहक खूश होतो. पण विक्रेत्यानं गठ्ठा पाठवायला उशीर केला असेल तर सुटलेले पैसे ग्राहक दुसरीकडे खर्चून बसतो आणि मग क्लिअरिंगची नोंद येते. तिला नाही म्हणता येत नाही, हे आपण वर पाहिलं. डेबिट कार्ड असेल तर खातं उणे जातं. म्हणून प्रलंबित यादीतून एखादी नोंद नाहीशी झाली, तर विक्रेत्यानं पैसे सोडले असं लगेच समजू नये. वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर नोंद येणारच आहे.

पंपावर रक्कम आधी कळत नाही

स्वतः इंधन भरायच्या पंपावर तर कार्ड आधी लावायचं आणि इंधन नंतर भरायचं. मंजुरी मागताना किती भरणार हे भरणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. म्हणून पंप एकतर ठरलेल्या कमाल रकमेची मंजुरी मागतो किंवा केवळ कार्ड चालू आहे ना हे पाहण्यापुरती एका एककाची. पहिल्या प्रकारात मोठा होल्ड लागतो आणि लोक घाबरतात. दुसऱ्या प्रकारात संदेश एका एककाचा येतो, खर्ची भलतीच मोठी रक्कम पडते आणि लोक तेव्हाही घाबरतात. दोन्ही वेळा अंतिम रक्कम पंपाच्या मीटरवरची असते.

इथे एक चांगली सोय केलेली आहे. भरून झालं की पंप खऱ्या रकमेचा वेगळा सूचना-संदेश लगेच पाठवू शकतो. क्लिअरिंग व्हायला अजून वेळ असतो, पण बँक हा संदेश वाचून मोठा होल्ड तेवढ्यापुरता लहान करू शकते. शिल्लक कमी असेल तर बँक पूर्ण नकार न देता अर्धवट मंजुरीही देऊ शकते. तिचा प्रतिसाद १० असतो आणि त्याचा अर्थ, एवढ्याच रकमेपर्यंत द्या. पंप त्या आकड्याला पोहोचला की बंद होतो. ज्या पंपावर किंवा ज्या बँकेत या सोयी बसवलेल्या नाहीत, तिथे थोडंसं इंधन भरूनही मोठी रक्कम दोन-तीन दिवस अडकते.

ऑनलाइन मागवलेल्या सामानाचं गणित याहून सोपं आहे. मागणी नोंदवताना पूर्ण रकमेची मंजुरी घेतली जाते आणि वसुली सामान निघेल तशी होते. ९०० च्या मागणीतल्या ५०० च्या वस्तू आज निघाल्या, ३०० च्या परवा आणि १०० ची वस्तू संपल्यामुळे रद्द झाली, तर खात्यात ५०० आणि ३०० अशा दोन नोंदी दिसतात. ९०० कुठेच दिसत नाहीत. उरलेल्या १०० साठी विक्रेत्यानं रिव्हर्सल पाठवायला हवं. ते न आल्यास मुदत संपायची वाट पाहावी लागते.

एक क्रमांक विचारायचा

आता खरा प्रश्न. एखादी रक्कम अडकली आहे की गेली आहे, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? ॲपमध्ये ‘प्रलंबित’ असं लिहिलेलं असेल तर ते होल्डचं लक्षण आहे, पण सगळी ॲपं हा फरक नीट दाखवत नाहीत. त्याहून पक्की खूण एआरएन ही आहे. विक्रेत्याच्या बँकेनं दिलेला हा २३ आकडी संदर्भ क्रमांक असतो आणि तो क्लिअरिंगच्या नोंदीतच जन्माला येतो. ऑथोरायझेशनला मंजुरी कोड असतो, एआरएन नसतो. म्हणून ग्राहक सेवेला फोन केल्यावर ‘पैसे दोनदा गेले’ असं म्हणण्याऐवजी ‘या दोन्ही नोंदींचे एआरएन सांगा’ असं विचारावं. दोन वेगळे एआरएन मिळाले तर वसुली दोनदा झाली आहे आणि चार्जबॅक मागायला आधार आहे. एकच मिळाला तर दुसरा होल्ड आहे.

होल्ड असल्याचं कळल्यावर चार्जबॅक मागून उपयोग नाही, कारण जे क्लिअर झालेलं नाही ते परत मागता येत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. विक्रेत्याला रिव्हर्सल पाठवायला सांगायचं, किंवा त्याच्याकडून लेखी घ्यायचं की ही रक्कम आम्ही मागणार नाही. त्या पत्रात कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख, रक्कम आणि मंजुरी कोड असले की बऱ्याच बँका होल्ड हातानं उठवतात. बँक असं पत्र का मागते, याचा लोकांना राग येतो. पण बँकेनं विक्रेत्याला शब्द दिलेला असतो. त्याला न विचारता तो मागे घेतला आणि उद्या क्लिअरिंग आलं, तर पैसे तिला द्यावेच लागतात.

आणि वसूल झालेली रक्कमच बिलापेक्षा जास्त असेल, तर बिलाची पावती हाच पुरावा. मंजुरीच्या संदेशातला आकडा तिथे काहीच सिद्ध करत नाही, कारण तो अंदाजही असू शकतो. व्हिसाच्या वादांच्या यादीत चुकीच्या रकमेसाठी १२.५ हा स्वतंत्र क्रमांक आहे, तर मंजुरी न घेताच वसुली केल्याचा वाद ११.३ खाली येतो. ग्राहकाला हे क्रमांक पाठ असायची गरज नाही, पण आपली तक्रार यातली कुठली आहे हे ओळखता आलं तर ती चुकीच्या टेबलावर पडून राहत नाही. परकीय चलनातलं बिल तपासताना मूळ चलनातला आकडाच पाहायचा. हॉटेलच्या पावतीवर ५५० आणि क्लिअरिंगच्या नोंदीतही ५५० असतील, तर उरलेला फरक दराचा आणि शुल्काचा आहे. त्याबद्दल हॉटेलशी भांडून काही हाती लागणार नाही.

परताव्यातही हाच घोळ होतो, फक्त उलट्या दिशेनं. विक्रेता म्हणतो, ‘आम्ही पैसे परत केले.’ व्यवहार क्लिअर व्हायच्या आधीच रद्द केला असेल तर त्यानं केवळ होल्ड उठवायचा संदेश पाठवलेला असतो. मग खात्यात जमेची नोंद कधीच दिसणार नाही, मूळची प्रलंबित नोंदच निघून जाईल. व्यवहार क्लिअर झाल्यानंतरचा परतावा मात्र वेगळी क्लिअरिंग नोंद म्हणून येतो, त्याला स्वतःचा एआरएन असतो आणि त्याच्यावर त्या दिवसाचा दर लागतो. बाईंनी हॉटेलच्या बिलातल्या १०० बद्दल हरकत घेतली आणि हॉटेलनं ते परत केले, तर दर तोवर ७.९५ झाला असल्यास खात्यात ७९५ जमा होतील. जाताना याच १०० चे ८१० गेले होते आणि वर शुल्काचे १६.२०. ते शुल्क परत मिळेल की नाही, हे त्यांच्या बँकेच्या अटींवर अवलंबून आहे. हॉटेलनं मात्र पूर्ण १०० परत केलेले आहेत.